एमएच-१४ ते केए-५३: एका मोटारीच्या स्थलांतराचे प्रकरण

माझ्या आतेबहिणीची नोकरी जून २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडहून बंगळूरला हलली आणि तिच्याबरोबर तिची पेट्रोलवर चालणारी छोटी मोटारही गेली. गाडीची प्रथम नोंदणी १४ ऑगस्ट २०१८ रोजी एमएच-१४ या मालिकेत झाली होती, बीजकावरील किंमत ७,८०,००० रुपये होती आणि महाराष्ट्राचा एकरकमी रस्ताकर त्याच वेळी भरलेला होता. ताईची कागदपत्रे सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी सांभाळली, त्यामुळे या प्रकरणातील प्रत्येक पावतीची तारीख माझ्याकडे आहे. परराज्यात गाडी नेताना लोक ना हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी आणि कराचा परतावा ही तीन वेगवेगळी कामे समजतात. प्रत्यक्षात ते एकच काम आहे, कारण पहिल्या टप्प्यावर राहिलेली चूक तिसऱ्या टप्प्यावर पैशाच्या रूपाने समोर येते.

मुदत कोणती आणि ती कधी सुरू होते

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४६ नुसार एका राज्यात झालेली नोंदणी संपूर्ण भारतात ग्राह्य असते. म्हणून एमएच क्रमांकाची गाडी बंगळूरच्या रस्त्यावर दिसली एवढ्यावरून ती बेकायदा ठरत नाही. कलम ४७ मात्र असे सांगते, की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली गेली, तर मालकाने तेथील नोंदणी प्राधिकाऱ्याकडे नवा क्रमांक मागितलाच पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी या अर्जासाठी बारा महिने संपल्यापासून तीस दिवसांची मुदत दिली असून हा अर्ज नमुना २७ मध्ये करावा लागतो.

कर्नाटकात या मुदतीवरून मोठा वाद झाला होता. राज्याने २०१४ मध्ये आपल्या करविषयक अधिनियमात दुरुस्ती करून परराज्यातील गाडीवर आजीवन कर लागण्याची मुदत एका वर्षावरून तीस दिवसांवर आणली आणि त्यानंतर बंगळूरमध्ये परक्या क्रमांकाच्या गाड्या अडवून कर मागण्याचे प्रमाण वाढले. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती दुरुस्ती रद्द ठरवली. तरीही ‘तीस दिवसांत कर भरा, नाहीतर गाडी जप्त होईल’ हे वाक्य बंगळूरमधील मराठी मंडळींच्या तोंडी अजून ऐकू येते. ताईलाही तिच्या इमारतीतील एका सहकाऱ्याने पहिल्याच आठवड्यात तेच ऐकवले होते.

बारा महिन्यांची मुदत आपल्या बाजूने असली, तरी गाडी राज्यात कधी आली हे सिद्ध करता आले पाहिजे. रस्त्यावर अडवणारा निरीक्षक नोंदणीची तारीख पाहतो, कारण प्रवेशाची तारीख गाडीवर कोठेही लिहिलेली नसते. ताईने १० जून २०२२ रोजी स्वतः गाडी चालवत सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी या मार्गाने प्रवास केला होता आणि निपाणीजवळच्या कोगनोळी टोलनाक्यावरील वजावट तिच्या फास्टॅगच्या विवरणात तारीख-वेळेसह नोंदली गेली होती. बँकेच्या संकेतस्थळावरून ते विवरण उतरवून घेऊन मी त्याची छापील प्रत गाडीच्या कागदपत्रांत ठेवायला सांगितली. पुढच्या सहा महिन्यांत तिला दोनदा अडवले गेले आणि दोन्ही वेळा हाच कागद उपयोगी पडला. ट्रकवर चढवून गाडी नेणाऱ्यांनी वाहतूकदाराची बिल्टी अशीच जपून ठेवावी.

भारत मालिकेचा, म्हणजे बीएच क्रमांकाचा, पर्यायही आम्ही तपासला होता. ही मालिका सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली आहे. खासगी नोकरदाराला ती मिळण्यासाठी त्याच्या कंपनीची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत असावी लागतात. ताईच्या कंपनीची कार्यालये दोनच राज्यांत असल्याने हा विषय तेथेच संपला.

ना हरकत प्रमाणपत्रापूर्वीच्या तीन अडचणी

ना हरकत प्रमाणपत्र हे कलम ४८ खालील पत्र होय. या पत्राद्वारे मूळ कार्यालय सांगते, की या गाडीवर आमचे काही येणे नाही, तिच्या चोरीची तक्रार नोंदलेली नाही, आणि ती अमुक कार्यालयाच्या हद्दीत जाण्यास आमची हरकत नाही. त्याचा अर्ज नमुना २८ मध्ये असतो. त्यासोबत मूळ नोंदणी पुस्तिका, चालू विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र जोडावे लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीत गाडी चोरीची नाही असा दाखला ऑनलाइन काढता येतो. अर्ज parivahan.gov.in वरून भरून, शुल्क भरून, मग कागद कार्यालयात द्यायचे, असा क्रम होता. दिवाळीसाठी ताई ऑक्टोबर २०२२ मध्ये वाकडला आली, तेव्हा आठ दिवसांत हे उरकेल असा आमचा हिशेब होता. तो चुकला आणि चूक सर्वस्वी आमची होती.

पहिली अडचण कर्जाची निघाली. गाडीचे कर्ज मार्च २०२२ मध्ये मुदतीपूर्वीच फेडले होते. बँकेने नमुना ३५ आणि कर्जमुक्तीचे पत्र वाकडच्या पत्त्यावर पाठवलेही होते. ते पाकीट न उघडता देव्हाऱ्याखालच्या खणात पडून होते. कर्ज फेडले म्हणजे बोजा उतरला, असे ताईने गृहीत धरले होते. परंतु नोंदणीच्या अभिलेखात बँकेचे नाव तसेच होते आणि अभिलेखात तारण असेपर्यंत वित्तसंस्थेच्या संमतीशिवाय ना हरकत प्रमाणपत्र मिळत नाही. पत्रावर तीन महिन्यांची वैधता छापलेली होती, ती जुलैमध्ये संपली होती. त्यामुळे बँकेकडून नवे पत्र घेणे, त्यावरून बोजा उतरवण्याचा वेगळा अर्ज करणे आणि तो मंजूर झाल्यावर ना हरकतीचा अर्ज भरणे, अशी तीन पावले एका पावलाच्या जागी आली. कर्ज फिटल्याच्या महिन्यातच बोजा उतरवून घेतला असता, तर दिवाळीची सुटी वाया गेली नसती.

दुसरी अडचण ई-चलनाची होती. गाडीच्या नावावर दोन चलने दिसत होती. एक द्रुतगती मार्गावरील वेगमर्यादेचे होते आणि ते खरे होते, म्हणून ताईने लगेच भरून टाकले. दुसरे पुण्यात नो-पार्किंगमध्ये गाडी लावल्याचे होते, परंतु त्यावरचे छायाचित्र उघडल्यावर त्यात एक दुचाकी उभी होती आणि तिच्या क्रमांकातला एक आकडा आमच्या क्रमांकापेक्षा वेगळा होता. रक्कम किरकोळ असल्याने ताई भरायलाच निघाली होती. मी तिला थांबवले. न केलेल्या गुन्ह्याचा दंड भरणे मला योग्य वाटत नव्हते आणि ते चलन रद्द झाल्याचा पुरावा हाती असणे मला अधिक सुरक्षित वाटत होते. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या mahatrafficechallan.gov.in या संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. तेथे आम्ही गाडीच्या मागच्या पाटीचे छायाचित्र जोडून तक्रार नोंदवली आणि काही दिवसांत चलन हटले. ज्यांना घाई असेल त्यांनी भरावेही, परंतु ना हरकतीचा अर्ज करण्यापूर्वी महिनाभर आधी गाडीचा क्रमांक टाकून चलने पाहिली, तर दोन्ही मार्ग मोकळे राहतात.

तिसरी अडचण दिसायला क्षुल्लक होती. नमुना २८ वर चासी क्रमांकाची पेन्सिल प्रिंट लागते. ज्या ठिकाणी हा क्रमांक धातूत कोरलेला असतो, तेथे पातळ कागद धरून त्यावर मऊ पेन्सिल आडवी घासायची आणि उमटलेली पट्टी अर्जावर चिकटवायची, एवढीच ती कृती असते. गाडी बंगळूरला होती आणि अर्जदार पुण्यात, म्हणून प्रिंट बंगळूरच्या गॅरेजमध्ये काढून आणली होती. खिडकीवरील लिपिकाने ती उजेडाकडे धरली आणि विचारले, “मॅडम, हा शेवटून तिसरा आकडा आठ आहे की तीन?” आम्हालाही सांगता येईना. सुदैवाने मेकॅनिकला मी आधीच चार प्रती काढायला सांगितले होते आणि त्यांतली एक स्पष्ट होती. ज्यांची गाडी आधीच परराज्यात पोहोचली आहे, त्यांनी ही प्रिंट चार-पाच प्रतींत काढून प्रत्येक प्रत नोंदणी पुस्तिकेशी आकडा आकडा ताडून पाहावी, नाहीतर एका पुसट आकड्यापायी आठशे किलोमीटरची फेरी पडते.

कोणत्या कार्यालयाच्या नावाने

या प्रकरणातील सर्वांत महाग चूक होता होता राहिली. ना हरकत प्रमाणपत्र केवळ ‘कर्नाटक राज्य’ असे मोघम मागायचे नसते. गाडी ज्या नोंदणी प्राधिकाऱ्याच्या हद्दीत जाणार त्याचे नाव अर्जात द्यावे लागते. बंगळूर एकच शहर असले, तरी त्यात अशी अनेक कार्यालये आहेत: कोरमंगल केए-०१, इंदिरानगर केए-०३, जयनगर केए-०५, इलेक्ट्रॉनिक सिटी केए-५१, कृष्णराजपुरम केए-५३, आणि आणखीही काही. ताईचे कार्यालय इलेक्ट्रॉनिक सिटीत असल्याने तिने अर्जात केए-५१ लिहिले होते. पहिले चार महिने ती कंपनीच्या अतिथिगृहात राहिली होती आणि ऑक्टोबरअखेर तिने व्हाइटफील्डला घर भाड्याने घेतले होते. व्हाइटफील्ड केए-५३ च्या हद्दीत येते. गाडी कामाच्या ठिकाणाच्या नव्हे, तर राहत्या पत्त्याच्या पुराव्यावर नोंदली जाणार होती.

अर्ज पाठवण्यापूर्वी मी तिला एकच प्रश्न विचारला: “ताई, तिथल्या भाडेकराराची तारीख आणि पत्ता काय आहे?” तिने करार काढून दाखवला, तेव्हा हा फरक लक्षात आला. चुकीच्या कार्यालयाच्या नावाने प्रमाणपत्र निघाले असते, तर ते दुरुस्त करायला पुन्हा मूळ कार्यालयाचेच दार ठोठवावे लागले असते, कारण प्रमाणपत्र निघताच त्या गाडीचा अभिलेख ‘ना हरकत दिली’ अशा स्थितीत जातो आणि त्यानंतर मूळ कार्यालयात त्या गाडीचे दुसरे कोणतेही काम होत नाही. बेत बदलून गाडी महाराष्ट्रातच ठेवायची झाली, तरी ‘आमच्याकडे ही गाडी नोंदली गेलेली नाही’ असे पत्र समोरच्या कार्यालयाकडून आणून प्रमाणपत्र आधी रद्द करवून घ्यावे लागते. म्हणून नव्या गावी घर पक्के होईपर्यंत प्रमाणपत्राची घाई करू नये, असे माझे मत आहे. बारा महिने कायद्याने दिलेले असतात, ते याच कामासाठी वापरावेत.

कलम ४८ मध्ये अर्जदाराच्या सोयीची एक तरतूद आहे: अर्ज केल्यापासून तीस दिवसांत नकार कळवला नाही, तर प्रमाणपत्र दिले असे मानले जाते आणि नमुना २७ सोबत अर्जाची पोच जोडता येते. कागदोपत्री हे चांगलेच आहे. व्यवहारात नव्या कार्यालयाचा लिपिक संगणकावर गाडीची स्थिती पाहतो आणि तेथे ना हरकत दिसली नाही तर पोच हातात धरूनही काम अडते. ताईला प्रमाणपत्र डिसेंबर २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात मिळाले, त्यामुळे या तरतुदीचा आधार घेण्याची वेळ आली नाही.

कर्नाटकाचा कर कसा निघाला

फेब्रुवारी २०२३ मध्ये ताईने नमुना २७ भरला. त्याआधी तिने कराचा स्वतःच एक अंदाज केला होता. विम्याच्या पॉलिसीत गाडीची घोषित किंमत ४,६०,००० रुपये होती. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या मोटारीला चौदा टक्के कर लागतो हे तिला कळले होते, म्हणून तिने ४,६०,००० चे चौदा टक्के काढून ६४,४०० हा आकडा धरून ठेवला होता. ही चूक फार जण करतात. गाडीच्या आजच्या किमतीचा कराशी संबंध नसतो. कर्नाटक मूळ किंमत घेते, तिच्यावर पूर्ण आजीवन कर काढते आणि मग गाडीच्या वयानुसार त्यातला ठरावीक हिस्सा वसूल करते. दोन वर्षांपर्यंतच्या गाडीला ९३ टक्के, त्यानंतर प्रत्येक वर्षागणिक ८७, ८१, ७५, ६९ असा तो हिस्सा उतरत जातो. त्यावर त्या काळी अकरा टक्के उपकर होता.

ताईच्या गाडीचे वय त्या वेळी साडेचार वर्षे होते, म्हणजे ती चार ते पाच वर्षांच्या ७५ टक्क्यांच्या टप्प्यात बसत होती. ७,८०,००० वर चौदा टक्क्यांनी पूर्ण कर १,०९,२०० रुपये झाला. त्याचे ७५ टक्के ८१,९०० रुपये आणि त्यावर अकरा टक्के उपकर ९,००९ रुपये, असे मिळून ९०,९०९ रुपये. नवा क्रमांक देण्याचे शुल्क या रकमेच्या तुलनेत नगण्य, म्हणजे ६०० रुपये होते, आणि स्मार्ट कार्डाचे २०० रुपये वेगळे. ताईच्या अंदाजात आणि या आकड्यात साडेसव्वीस हजारांचा फरक पडला. तिने महिन्याच्या खर्चातून ठेवलेली रक्कम पुरली नाही आणि एक ठेव मोडावी लागली.

येथे एक मोह होतो. गाडी १४ ऑगस्ट २०२३ नंतर पाच वर्षांची झाली असती आणि हिस्सा ६९ टक्क्यांवर आला असता. त्या हिशेबाने कर ७५,३४८ आणि उपकर ८,२८८, म्हणजे एकूण सुमारे ८३,६३६ रुपये झाले असते आणि सुमारे सव्वासात हजार वाचले असते. ताईनेच हे मोजले आणि मला फोन केला. परंतु तिची बारा महिन्यांची मुदत १० जून २०२३ ला संपत होती आणि त्यापुढचे तीस दिवस १० जुलैला. शिवाय महाराष्ट्राकडून मिळणारा परतावाही वयाबरोबर घटतो. महाराष्ट्रात भरलेला कर अकरा टक्क्यांनी ८५,८०० रुपये होता आणि तो पंधरा वर्षांसाठीचा मानला तर वर्षाला ५,७२० रुपये पडतात. म्हणजे एका बाजूला सव्वासात हजार वाचवताना दुसऱ्या बाजूला जवळपास पावणेसहा हजार गमवायचे, आणि उरलेल्या दीड हजारासाठी कायद्याची मुदत मोडायची. आम्ही तो विचार सोडला. गाडीचा वाढदिवस मुदतीच्या आत येत असेल तर मात्र हा हिशेब जरूर करून पाहावा.

कर भरल्यावर गाडी निरीक्षकाला दाखवावी लागली. त्याने चासी आणि इंजिनचे क्रमांक प्रमाणपत्राशी ताडून पाहिले, गाडीत नंतर बसवलेले काही नाही ना हे पाहिले आणि भाडेकरारावरील पत्त्याबद्दल दोन प्रश्न विचारले. ताईच्या आधी रांगेत असलेल्या एका गृहस्थांच्या गाडीला मागे सीएनजीची टाकी होती आणि ती पुस्तिकेत नोंदलेली नव्हती. त्यांची फाइल तेथेच थांबली. टाकी आधी मूळ राज्यात नोंदवायला हवी होती, आणि मूळ राज्याचा अभिलेख तर ना हरकतीने बंद झालेला. असा माणूस दोन राज्यांच्या मध्ये अडकतो.

केए-५३ चा नवा क्रमांक मार्च २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मिळाला. २०१८ च्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी मुळात नव्हती. नव्या क्रमांकासाठी ती अधिकृत विक्रेत्याकडून बसवून घेतली. विमा कंपनीला नव्या पुस्तिकेची प्रत देऊन पॉलिसीवर क्रमांक बदलून घेतला. पुणे आणि बंगळूर ही दोन्ही शहरे विम्याच्या एकाच, म्हणजे ‘अ’ विभागात असल्याने हप्त्यात फरक पडला नाही. फास्टॅग मात्र ताई विसरली आणि जुन्या क्रमांकाचाच वापरत राहिली. टोलनाक्यावर पडद्यावर एमएच क्रमांक उमटला आणि समोर पाटी केएची, तेव्हा कर्मचाऱ्याने गाडी बाजूला घेतली. त्या संध्याकाळी बँकेकडे अर्ज करून क्रमांक बदलला गेला.

परताव्याचा अर्ज

एकरकमी भरलेला रस्ताकर पूर्ण आयुष्याचा असतो आणि गाडी मध्येच कायमची राज्याबाहेर गेली, तर न वापरलेल्या काळाचा कर परत मागता येतो. हा हक्क आपोआप अमलात येत नाही. महाराष्ट्राचे कार्यालय कोणालाही शोधत येत नाही. मालकाने अर्ज करायचा असतो आणि तो ना हरकत प्रमाणपत्राच्या जोरावर नव्हे, तर नव्या राज्यातील नोंदणी पूर्ण झाल्याच्या जोरावर करायचा असतो. म्हणजे आधी नव्या राज्याचा संपूर्ण कर खिशातून जातो, मग जुन्या राज्याकडून पैसे यायला लागतात. ज्यांना ‘परताव्यातून नवा कर भरू’ असे वाटते, त्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा.

आमच्या अर्जासोबत नव्या नोंदणी पुस्तिकेची प्रत, कर्नाटकात भरलेल्या कराची पावती, ना हरकत प्रमाणपत्राची प्रत, महाराष्ट्रातील कराची मूळ पावती, रद्द केलेला धनादेश आणि ताईचे ओळखपत्र होते. मूळ पावती हा यातला कळीचा कागद. ती गाडी घेतली तेव्हा विक्रेत्याने दिलेल्या फाइलमध्ये होती आणि ती फाइल सांभाळली म्हणून मिळाली. अनेकांकडे ती नसते. ऑनलाइन अभिलेखातून कराचे विवरण काढता येते, परंतु मूळ पावती हाती असेल तर खिडकीवरचे बरेच प्रश्न टळतात.

तरी एक प्रश्न आलाच. महाराष्ट्राच्या पुस्तिकेत ताईचे नाव आपल्याकडच्या पद्धतीने, स्वतःचे नाव, पतीचे नाव, आडनाव असे होते. कर्नाटकच्या पुस्तिकेवर तिचे नाव आणि आडनाव एवढेच आले होते आणि पतीचे नाव खालच्या वेगळ्या रकान्यात. बँकेच्या खात्यावर तिसरीच तऱ्हा, म्हणजे आधी आडनाव. लेखा शाखेतील कर्मचाऱ्याने तीन कागद शेजारी ठेवले आणि म्हटले, “या तिघी एकच आहेत हे मी कशावरून मानू?” प्रश्न रास्त होता. पैसे सरकारी तिजोरीतून एका खात्यावर जाणार, तर ते खाते करदात्याचेच असल्याची खात्री त्याला हवी. आम्ही तिन्ही रूपे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र केले आणि दोन्ही पुस्तिकांवरील चासी व इंजिन क्रमांक अधोरेखित करून जोडले. चार दिवस गेले. कर्नाटकात अर्ज भरतानाच नाव महाराष्ट्राच्या पुस्तिकेप्रमाणे, अक्षर न बदलता लिहिले असते, तर हेही टळले असते.

परताव्याची रक्कम मालकाने काढायची नसते. महाराष्ट्राच्या करविषयक अधिनियमात गाडीच्या वयानुसार परताव्याचे कोष्टक आहे आणि कार्यालय त्यावरून आकडा ठरवते. तरीही साधारण किती अपेक्षा करावी हे माहीत असले, की फसगत होत नाही. साडेचार वर्षे वापरलेल्या गाडीचे दहा पूर्ण वर्षे शिल्लक धरली, तर वर्षाला ५,७२० या सरळ हिशेबाने ५७,२०० रुपये होतात. हा आमचा ढोबळ अंदाज होता, आणि ताईला मी बजावले होते की कोष्टकातील टप्पे सरळ रेषेत उतरत नाहीत, तेव्हा काही हजार इकडे तिकडे होतील. त्या अंदाजाने ९०,९०९ रुपयांच्या नव्या करातून परतावा वजा जाता स्थलांतराचा खरा करभार साधारण चौतीस हजारांच्या आसपास बसतो. कर्नाटकचा दर महाराष्ट्रापेक्षा चढा आहे, हेच त्याचे मुख्य कारण.

एप्रिल २०२३ मध्ये अर्ज दिला तेव्हा त्यावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतला. नंतर विचारणा करायला हाच एक धागा असतो, आणि तो नसेल तर फाइल कोणत्या टेबलावर आहे हे कोणालाच सांगता येत नाही. ताई दर महिन्याला बंगळूरहून फोन करण्यापेक्षा मी स्वतः दोन महिन्यांनी एकदा जाऊन तो क्रमांक दाखवत असे. दुसऱ्या भेटीत कळले, की कर्नाटकातील नोंदणीची पडताळणी झाली आहे आणि फाइल मंजुरीसाठी वर गेली आहे. ताईच्या खात्यावर रक्कम डिसेंबर २०२३ मध्ये जमा झाली. त्या दिवशी तिने पाठवलेल्या संदेशात आकडा नव्हता, फक्त पासबुकाच्या त्या ओळीचे छायाचित्र होते आणि खाली एक प्रश्न: “आता हा मोडलेल्या ठेवीत परत टाकू ना?”